मोरचुदातला थेंब

मूर्तिजापुरात वलीभाई पिंजाऱ्याला ओळखत नाही असा माणूस बहुधा जन्मात कधी गादीवर झोपलाच नसेल. स्टेशनाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, एक पिंजायचं यंत्र आणि वलीभाईंचं तोंड. यंत्र बंद पडे, तोंड नाही. नव्या लग्नाची गादी भरायला कोणी आलं की ते आधी नवरीमुलीचं वजन विचारत आणि मग नवऱ्यामुलाला म्हणत, "तुह्यासाठी एक वेगळीच भरून देतो, भांडण झाल्यावर कामी येते." लोक हसत, घासाघीस विसरत.

हा गृहस्थ वर्षातून एक दिवस मात्र दुकान उघडत नसे. तो दिवस म्हणजे लेकीचा वाढदिवस. डिसेंबरातली कडक थंडी, कपाशीचा भर हंगाम, गिऱ्हाईक दाराशी उभं, तरी वलीभाई पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून, पोरीचा हात धरून अकोल्याच्या गाडीत बसत. अकीला जन्मली तेव्हा तिची आई, अफसाना, रक्त वाहून वाहून पांढरी पडली होती. अकोल्याच्या दवाखान्यात कोण्या अनोळखी माणसाची बाटली तिला चढली आणि ती वाचली. देणारा कोण, हे वलीभाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मग हात जोडायचे कोणापुढे? त्यांनी त्यातून आपला मार्ग काढला. दर वाढदिवसाला रक्तपेढीत जाऊन एक बाटली द्यायची. तिथे दात्याला चहा आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा मिळे. चहा ते स्वतः पीत आणि पुड्यातलं पहिलं बिस्कीट अर्धं मोडून अकीलाच्या हातावर ठेवत. "वाढदिवसाचं आहे, खा." अकीलाला केक म्हणजे काय ते बारावीत गेल्यावर समजलं. तोवर तिचा वाढदिवस स्पिरिटच्या वासाचा आणि ग्लुकोज बिस्किटाच्या चवीचाच होता, आणि तिला त्याची कधी लाज वाटली नाही.

पुढे ती त्याच रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून लागली. वलीभाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "आता माह्या खुनाची परीक्षा माही पोट्टीच घेते!"

परीक्षा होती ती निळ्या पाण्याची. दात्याच्या बोटाला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा बारीक काचनळीत घ्यायचा आणि बोटभर उंचीवरून अलगद त्या निळ्या पाण्यात सोडायचा. वलीभाई त्याला मोरचूदच म्हणत, आणि चूक नव्हते. संत्र्याच्या झाडांवर चुन्यात कालवून मारतात तेच मोरचूद, फक्त इथे ते मापून-तोलून विरघळवलेलं. थेंब पाण्यात पडला की त्याच्याभोवती तांब्याचं आणि रक्तातल्या प्रथिनांचं एक पातळ कवच धरतं. त्यामुळे तो लगेच विरघळत नाही, पंधराएक सेकंद गोळीसारखा राहतो. तेवढ्या वेळात पाणी त्याला तोलून घेतं. पाण्याचा जडपणा असा बेतलेला असतो की साडेबारा किंवा त्याहून जास्त हिमोग्लोबिनचं रक्त त्याच्यापेक्षा भारी ठरावं आणि बुडावं, त्याहून कमी असेल तर तरंगावं. बुडाला तो पास. तरंगला त्याला घरी पाठवायचं नाही, आधी पुन्हा तपासायचं.

"आमच्यातलंच आहे हे," वलीभाई दात्यांच्या बाकावर बसून शेजाऱ्याला समजावत. "पेरायच्या आधी जवारीचं बी मिठाच्या पाण्यात टाकतेत की नाई? पोचट ते वर, भरीव ते खाली. माह्या खुनात भरीव दाणे आहेत. पाह्य आता."

पुन्हा का तपासायचं, हे अकीलाला खुशालरावांनी शिकवलं होतं. खुशालराव हे रक्तपेढीतले जुने तंत्रज्ञ, निवृत्तीला टेकलेले, चष्मा कपाळावर आणि शोध टेबलाखाली असा त्यांचा नेहमीचा प्रकार. पण थेंबाच्या बाबतीत हयगय नाही. नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर चांगलं रक्तही तरंगतं. बोट दाबून दाबून रक्त काढलं तर त्यात अंगातलं पाणी मिसळतं आणि थेंब हलका होतो. थेंब फार उंचावरून सोडला तर नुसत्या जोराने खाली जातो. बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर अकोल्याच्या उन्हात पाणी उडतं, उरलेलं मोरचूद दाट होतं, आणि पैलवानाचा थेंबही वर राहतो. एकाच पाण्यात फार थेंब पडले तरी त्याचा भरवसा जातो. म्हणून तरंगलेला आणि मध्येच थबकलेला, दोन्ही थेंब संशयाचे. अशा माणसाचं बोट पुन्हा टोचायचं आणि यंत्रावर मोजायचं. ते छोटं यंत्र रक्ताचं वजन बघत नाही, त्यातल्या हिमोग्लोबिनचा रंग बघतं.

त्या वर्षांत थेंब तरंगायचे फार. कपाशी वेचून आलेल्या बाया, हमाल, कॉलेजातली उपाशीपोटी आलेली पोरं. जिल्हाच जणू फिका पडत चालला होता. पेपरात रोज गावांची नावं आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत. अशा दिवसांत वलीभाईंचा थेंब दगडासारखा तळाला जाई आणि अकीलाला वाटे, माझ्या बापासारखा बाप नाही. तरंगलेल्या पोरांच्या पाठीवर ते थाप मारत. "अबे, फेल नाई झाला तू. पालक खा, गूळ-फुटाने खा, मंग येजो."

तोवर त्यांचं बोट खुशालराव टोचत; अकीलाने पहिल्यांदा स्वतः टोचलं तेव्हाची गोष्ट. थेंब पाण्यात गेला, थोडा खाली उतरला आणि मध्येच थबकला. अकीला त्यावर वाकली. मग जणू मनाशी काही ठरवून तो हळूहळू खाली सरकला आणि तळाला गेला.

"डुबला!" वलीभाई ओरडले.

"डुबला, अब्बा," अकीला म्हणाली आणि त्यांना आत पाठवलं.

थबकलेला थेंब यंत्रावर घ्यायचा, हे ती दिवसातून दहादा दुसऱ्यांना सांगत होती. पण तरंगलेल्याचाच जिथे तिथे फेरविचार होतो, बुडालेल्यावर कोणाला शंका येते? आणि समोर कोण बसलं होतं? ज्याच्या रक्ताच्या जोरावर ती त्या खुर्चीत आली होती तो माणूस. लाडात तिने डोळेझाक केली, हेच खरं. मागून बिस्किटाचं अर्धुक हातावर आलं, तिने ते खाल्लं, आणि तो थबकलेला क्षण ती विसरून गेली.

त्या वर्षी वलीभाईंची कंबर धरू लागली. पिंजाऱ्याची कंबर धरायचीच, उभा जन्म वाकून काम. अफसाना रोज रात्री मोहरीचं तेल चोळी. जिना चढताना त्यांना दम लागू लागला, तर ते म्हणाले, रूईचा भुसा छातीत बसला. प्रत्येक दुखण्याला त्यांच्या धंद्यात एक तयार कारण होतं, आणि घरच्यांना ते पटतही होतं.

पुढच्या डिसेंबरात ते आले तेव्हा पांढरा शर्ट खांद्यावरून लोंबत होता. तेल तेवढं लावलेलं होतं. बाकावरच्या दोन अनोळखी पोरांना हसवून झाल्यावर ते अकीलासमोर येऊन बसले आणि बोट पुढे केलं. खुशालराव तिच्या मागेच उभे होते.

थेंब पडला. उतरला. मध्येच थांबला. मग खाली गेला.

"झालं! चाल, सुई लाव," वलीभाई उठू लागले.

"थांबा जरा वलीभाई," खुशालराव म्हणाले. "थबकला तो. मशीनवर घ्या, अकीलाबाई."

"खुशालराव, तुमीबी बाप्पा! डुबला ना तुमच्या डोयादेखत? मागच्या साली बी असाच डुबला होता."

खुशालरावांनी अकीलाकडे पाहिलं. ती मान खाली घालून नवी सुई काढू लागली. दुसरं बोट, न दाबता आलेला थेंब. यंत्राने आकडा दाखवला, नऊ पूर्णांक चार.

नऊ-साडेनऊचा थेंब लाकडाच्या ढलपीसारखा तरंगायला हवा. हा बुडतो कसा? अकीलाला पहिला संशय पाण्याचाच आला. पाणी पातळ झालं असेल तर फिकं रक्तही बुडतं. तिने सीलबंद बाटली फोडून नवं पाणी घेतलं, त्यात थेंब सोडला. तसाच थांबला, तसाच बुडाला. मग बाकावरच्या एका फिकट पोराचा थेंब त्याच पाण्यात सोडला. तो झकास तरंगला, यंत्रावर दहा निघालं. म्हणजे पाणी बरोबर होतं. यंत्रही बरोबर होतं. तिने खुशालरावांचं रक्त लावून पाहिलं, त्यांचं नेहमीचं चौदा आलं. चूक कुठेच नव्हती. आणि चूक कुठेच नाही याचा अर्थ, अब्बांच्या रक्तातच दुसरं काही जड होतं.

"अब्बा, आज नाई घेता येत," ती म्हणाली. "खून कमी आहे तुमचं. डॉक्टरांना दाखवू."

वलीभाईंचा चेहरा पडला. सगळ्या बाकासमोर, स्वतःच्या लेकीने, लेकीच्याच वाढदिवशी. "मशीनचं खरं अन् डोयाचं खोटं?" ते म्हणाले. "ज्याचा तरंगते त्याले तू दुसऱ्यांदा चान्स देते. माहा डुबला तर मले फेल करते? काहून?"

तिला उत्तर येत होतं. ते सांगणार कसं? वलीभाई तसेच उठले, बिस्किटाचा पुडा न घेता बाहेर गेले आणि एकटेच गाडीत बसून घरी निघून गेले. त्या वाढदिवशी अकीलाने काही खाल्लं नाही.

काही दिवस त्यांनी अबोला धरला. मग अफसानाने रडून-ओरडून त्यांना दवाखान्यात आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी अकीलाला बाजूला घेऊन सांगितलं ते तिने आधीच ओळखलं होतं. हाडांच्या आतल्या मगजाचा कर्करोग. तिथल्या बिघडलेल्या पेशी एकच निकामी प्रथिन बनवत सुटतात, ते रक्तात साचून त्याला जड करतं, आणि तांबड्या पेशींना जागाच उरत नाही. कंबर दुखत होती ती पिंजण्याने नव्हे, मणके आतून पोखरले गेले होते.

आईला समजावताना अकीलाला पिंजाऱ्याच्या घरातलेच शब्द सापडले. "अम्मी, कोनी पानी मारलेला कापूस आनला तर?"

"वजनात भरते. पन रूई निघत नाई," अफसाना म्हणाली. अख्ख्या जन्माच्या अनुभवाने म्हणाली.

"अब्बाचं खून तसं झालं. त्या मोरचुदाले फक्त वजन समजते. कायचं वजन, ते नाई समजत. म्हनून डुबला."

अफसानाने पदराचा शेव खोचला. मग म्हणाली, "तुह्या बापाले हे सांगू नको. तो थेंब डुबला, एवढंच धरून बसला आहे तो."

ते खरं होतं. वलीभाईंना आजाराचं नाव सांगितलं होतं, त्यांनी ते एका कानाने ऐकलं. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "खून कमी झालं म्हनतेत. पन थेंब डुबला होता माहा. दोन्ही टाइम. अकीलाले इचारा." आणि भेटायला आलेले लोक अकीलाकडे बघत. ती मान हलवी.

एकदा तिने डॉक्टरांना विचारलं, वर्षभर आधी कळलं असतं तर? डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. म्हणाले, आजार तेव्हाही असाच होता, फक्त मणके कदाचित शाबूत राहिले असते, थोडा वेळ जास्त मिळाला असता, सांगता येत नाही. अकीलाने त्यातला 'थोडा वेळ' तेवढा उचलला आणि तो काट्यासारखा तिच्यात रुतून बसला. खुशालराव तिला एका शब्दाने बोलले नाहीत. ते एकदा चांगले रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मग नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. गोळ्या, इंजेक्शनं, परत अकोला. पिंजायच्या यंत्रावर चादर पडली. वलीभाईंना रक्ताच्या पिशव्या चढू लागल्या, तिच्याच रक्तपेढीतल्या. पहिली पिशवी लागली तेव्हा ते तिच्याकडे टक लावून बघत राहिले. "कोनाची आहे?" त्यांनी विचारलं. सांगायचं नसतं, आणि तिला सांगताही आलं नसतं. "मंग त्याले बिस्कीट भेटलं का, तेवढं तरी सांग," ते म्हणाले. वॉर्डातली सिस्टर हसली. अकीलाला हसू आलं नाही.

डिसेंबर उगवला तोवर ते अंथरुणालाच खिळले होते. औषधं बदलून काही आठवडे झाले होते. नव्या औषधांनी ते निकामी प्रथिन उतरतंय का, हे बघायला रक्त नागपूरला गेलं होतं, उत्तर यायचं होतं. इथल्या सकाळच्या तपासणीत हिमोग्लोबिन नऊच्या आसपास होतं. वाढदिवसाच्या दिवशी अकीला वॉर्डात शिरली तर वलीभाईंनी सिस्टरकडून केसांना तेल लावून घेतलेलं.

"मोरचूद आनलं का?" त्यांनी विचारलं.

"अब्बा, आज राहू द्या."

"तुह्या वाढदिवसाले मी कधी राहू दिलं? खून नको घेऊ. मले मालूम आहे, नाई घेत. पन परीक्षा तं घे."

अफसानाने डोळ्यांनी तिला खुणावलं, आण. अकीला खाली रक्तपेढीत गेली. ताजं निळं पाणी काचेच्या लहान पेल्यात भरलं. खुशालरावांनी पाहिलं, कोणासाठी ते त्यांना विचारावं लागलं नाही. वर जाताना जिन्यात ती थांबली आणि तिच्या ध्यानात आलं की नागपूरचं उत्तर तिच्या हातातच आहे. हिमोग्लोबिन नऊ. औषध लागू पडलं असेल, जडपणा उतरला असेल, तर थेंब तरंगेल. तरंगायलाच हवा. आणि बुडाला, तर ते पाणी मारलेलं ओझं अजून जसंच्या तसं आहे. आयुष्यभर ती ज्या टेबलाशी बुडू दे, बुडू दे म्हणत आली, तिथे आज तिला उलटी दुआ मागायची होती. तिने मागितली. तरंगू दे. या अल्ला, एकदा तरंगू दे, ते माझ्यावर रुसले तरी चालतील.

तिने त्यांचं बोट हातात घेतलं. ते इतकं हलकं झालं होतं की टोचायचा धीर होईना. पहिला थेंब पुसला. दुसरा नळीत घेतला, बुडबुडा नाही ना ते दोनदा पाहिलं. वलीभाईंनी मान वळवून निळ्या पाण्यावर डोळे लावले.

थेंब पडला. या वेळी तो थबकला नाही, कुठे अडला नाही. सरळ तळाला गेला.

"पाह्यलं?" वलीभाईंच्या डोळ्यांत वर्षभरात पहिल्यांदा चमक आली. "अफसाना, पाह्यलं का? थांबला बी नाई! वजन आहे अजून माह्या खुनात. बोल पोट्टे, डुबला का नाई?"

अकीलाने तो पेला उजेडाकडे धरला, जणू अजून काही बघायचं होतं. तळाशी तो लाल ठिपका शांत पडला होता.

"डुबला, अब्बा," ती म्हणाली. "पास झाले तुमी."

"मंग माहं बिस्कीट?"

ते तिने पर्समध्ये आणलेलंच होतं. वलीभाईंनी पुडा फोडला, पहिलं बिस्कीट मोडलं, अर्धं तिच्या तळहातावर ठेवलं. उरलेलं अर्धं त्यांना खाववणार नव्हतं, ते त्यांनी उशाशी ठेवून दिलं.

"वाढदिवसाचं आहे," ते म्हणाले, "खा."

त्यांच्यासमोर ती ते खाऊ लागली. ते बघत होते, म्हणून ती चावत राहिली.